एसी लावल्यानंतर पफ पॅनेलच्या छताला मधल्या आधाराशी आडवी सुरकुती पडली आहे

वाचनगच्ची (मनीषनगर, नागपूर)

नमस्कार. आमच्या घराच्या गच्चीवर मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी एक छोटी अभ्यासिका चालवते. मागच्या डिसेंबरात तिच्यावर पफ पॅनेलचे छत टाकून घेतले. खोली ६ मीटर बाय ६ मीटर आहे. छतात १ मीटर रुंदीची सहा पॅनेल शेजारी शेजारी बसवली आहेत. प्रत्येक पॅनेल ६ मीटर लांबीचे आणि सलग आहे; ते दोन टोकांना आणि बरोबर मध्यभागी अशा तीन लोखंडी पाइपांवर टेकते आणि तिन्ही ठिकाणी वरून स्क्रूने आवळलेले आहे. जाडी ५० मिमी, दोन्ही अंगांना ०.५ मिमीचा सपाट रंगीत पत्रा आणि मध्ये पिवळसर फोम. वरच्या पत्र्याचा रंग गडद निळा आहे आणि तो मीच हौसेने निवडला होता.

एप्रिलमध्ये एसी बसवला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी तीनच्या सुमारास छतावर कोणी उडी मारावी असा आवाज झाला आणि वाचत बसलेली मुले उठून बाहेर आली. वर जाऊन पाहिले तर कोणीच नव्हते. मात्र दुसऱ्या आणि पाचव्या पॅनेलच्या वरच्या पत्र्यावर, मधल्या पाइपाजवळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत एक आडवी घडी पडली होती. संध्याकाळी ती थोडी बसल्यासारखी वाटते, पण जात नाही. ज्यांनी पॅनेल दिले ते म्हणतात की पत्रा तापला की असे होतच असते. हे खरे आहे का, आणि छताखाली मुलांना बसवावे की नाही, एवढे मला कळायला हवे.

बुटीबोरी_शेड

ताई, मी सतरा वर्षे शेड बांधतो आहे, तेव्हा स्पष्टच सांगतो. पत्रा आणि फोम यांची पकड सुटलेली आहे. स्वस्तातल्या मालात फोम पत्र्याला नीट धरत नाही, ऊन लागले की पत्रा उचलला जातो. शिवाय ०.५ चा पत्रा म्हणजे कागदच झाला. तुम्ही ०.८ चा पत्रा मागायला हवा होता. दोन्ही पॅनेल बदलून मागा आणि बदलताना जाड पत्र्याची मागा, म्हणजे पुन्हा तक्रार राहणार नाही.

संत्रानगरी

आमच्याकडेही गच्चीवरची खोली तापायची. वरून पांढरा उष्णतारोधक रंग मारून घेतला आणि एसीचे बिल बरेच खाली आले. फोमची जाडी वाढवण्यापेक्षा हे स्वस्त पडते. तुमचा पत्राही तापलेल्या तव्यावरच्या पापडासारखा वळला असणार.

तुळई

प्रश्न एसीच्या बिलाचा नाही, तरीही पांढऱ्या रंगाचा सल्ला मला जपून ठेवावासा वाटतो. पापडाची उपमा मात्र उलटी आहे, कारण पापड भाजल्या अंगाला सुकून आकसतो आणि पत्रा तापल्या अंगाला वाढतो.

वाचनगच्ची, मत देण्याआधी चार गोष्टी तपासून सांगाल का? घडी स्क्रूच्या रांगेवरच आहे की तिच्यापासून काही अंतरावर? ती पट्टीने आखल्यासारखी सरळ आहे की फोडासारखी गोल? घडीपासून दूर पत्र्यावर नाण्याने टकटक केल्यास आवाज कसा येतो? आणि दुपारी अडीच-तीनच्या दरम्यान वरच्या पत्र्याचे व आतून छताच्या पत्र्याचे तापमान किती आहे? औषधांच्या दुकानात ज्वर मोजायला ठेवतात ती बंदूक इथे चालणार नाही, कारण ती माणसाच्या तापापलीकडे दाखवत नाही. एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे इन्फ्रारेड थर्मामीटर असतो, तो घ्यावा. रंगीत पत्र्यावर त्याचा आकडा विश्वासार्ह येतो, उघड्या चकचकीत धातूवर येत नाही.

वाचनगच्ची

आज दुपारी २.४० ला एसीवाल्या मुलालाच वर नेले. वरच्या पत्र्यावर वेगवेगळ्या ठिकाणी ६७ ते ७० अंश आले, बहुतेक जागी ६९. एसी २४ वर चालू असताना आतला पत्रा २९ अंश होता.

घडी स्क्रूच्या रांगेपासून साधारण ६ सेंटीमीटरवर आहे आणि दोन्ही पॅनेलवर अगदी सरळ आहे. जवळून पाहिले तर ती एक घडी नसून एक उंचवटा आणि त्याला लागून एक खळगा अशी जोडी आहे. उंचवट्याच्या माथ्यावर निळ्या रंगाला केसासारख्या चिरा गेल्या आहेत. नाण्याचा आवाज इतरत्र ठस् असा भरीव येतो, फक्त घडीच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटे तो पोकळ येतो.

तुळई

माहिती नेमकी दिलीत, त्यामुळे बोलता येते. हा फोड नाही. फोम आणि पत्रा यांत वायू किंवा ओल अडकून जो फोड येतो तो गोलसर असतो, कुठेही येतो आणि त्याला आधाराच्या जागेशी काही देणेघेणे नसते. तुमच्याकडे आलेली आडवी, सरळ, उंचवटा-खळगा अशा जोडीची घडी म्हणजे दाबाखाली पत्र्याला पडलेली सुरकुती आहे. आता वरच्या पत्र्यावर एवढा दाब आला कुठून, हे पाहावे लागेल.

पॅनेल ताठ का असते तिथून सुरुवात करतो. ०.५ मिमीचे दोन पत्रे एकमेकांवर चिकटवले तर १ मिमीचा एक पत्रा होतो आणि तो हातात धरला तरी लवलवतो. तेच दोन पत्रे ५० मिमी अंतरावर धरून ठेवले की वाकण्याला होणारा विरोध हिशेबाने सुमारे ७,५०० पट होतो. ही करामत अंतराची आहे, कारण वाकताना एका पत्र्याला लांबावे लागते आणि दुसऱ्याला आखडावे लागते, आणि ताठरपणा त्यांच्यातल्या अंतराच्या वर्गाने वाढतो. फोमचे काम तेवढे अंतर राखण्याचे आणि दोन्ही पत्र्यांना एकमेकांवरून घसरू न देण्याचे आहे.

पण ज्या अंतरामुळे ताठरपणा येतो त्याच अंतरामुळे वरचा आणि खालचा पत्रा वेगवेगळ्या तापमानात राहतात. तुमच्याकडे हा फरक ४० अंशांचा आहे. ६ मीटरच्या लोखंडी पत्र्यात ४० अंशांनी जेमतेम ३ मिमी लांबी वाढते. वरचा पत्रा खालच्यापेक्षा ३ मिमी लांब झाला की पॅनेलला वरच्या अंगाला बाक येणारच. α म्हणजे एका अंशाला लोखंड किती पटीने वाढते तो आकडा, ΔT तापमानातला फरक, L पॅनेलची लांबी आणि d दोन पत्र्यांतले अंतर धरले, तर मध्ये आधार नसता तेव्हा बाक w असा निघाला असता:

```
w = α · ΔT · L² / (8 · d)
  = 0.000012 × 40 × 6² / (8 × 0.05)
  = 0.043 m
```

म्हणजे मधोमध पॅनेल ४३ मिमी वर उठू पाहते आणि मधले स्क्रू त्याला खाली ओढून धरतात. फोमचा मऊपणा जमेस धरून हिशेब केला, तर हे ओढून धरणे पॅनेलच्या दर मीटर रुंदीला सुमारे ९५ किलो वजनाच्या तोडीचे येते. म्हणजे दुपारभर कोणीतरी मधल्या रेषेवर प्रत्येक पॅनेलवर एक धडधाकट माणूस उभा करून ठेवावा, तसा हा प्रकार आहे. त्या ओढीने वरच्या पत्र्यात, मधल्या आधाराच्या वर, सुमारे ५६ मेगापास्कल दाब येतो.

लोखंडाला ५६ काहीच नाही, ते सहज २०० च्या पुढे जाते. मात्र ०.५ मिमीचा पत्रा एकट्याने दाब सोसत नाही, तो फोमच्या गादीवर टेकलेला असतो आणि गादी मऊ असेल तर लोखंड शरण येण्याच्या कितीतरी आधी पत्र्याला लाटा पडतात. हॉफ आणि माउटनर यांनी १९४५ साली यासाठी जे सूत्र मांडले त्यात पत्र्याचा कडकपणा, फोमचा दाबाविरुद्धचा कडकपणा आणि फोमचा शिअरमधला, म्हणजे आतल्या आत सरकण्याविरुद्धचा, कडकपणा यांच्या गुणाकाराचे घनमूळ येते. त्याला गणिताने ०.९१ ने गुणायचे असते. प्रत्यक्षात पत्रा कधीच अगदी सपाट नसतो म्हणून व्यवहारात ०.५ धरतात. नेहमीच्या पफसाठी हे उत्तर सुमारे ६७ येते. फोमही तापलेला असल्याने त्याचा कडकपणा पावपट घसरला असे धरले तर उत्तर ५५ च्या आसपास येते. तुमचे ५६ आणि हे ५५ समोरासमोर ठेवून पाहा.

डिसेंबर ते एप्रिल छत शांत राहिले, कारण तेव्हा आतला पत्राही तापत होता. एसीने आतली बाजू थंड केली आणि फरक वाढला.

बुटीबोरी_शेड

सर, हिशेब मान्य, पण मग माझेच म्हणणे खरे ठरले ना? पत्रा ०.८ चा असता तर दाब वाटला गेला असता. दुसरे असे की ७,५०० पट ताठ झालेल्या पॅनेलला तीन मीटरवर आधार कशाला हवा होता? मी ५० मिमीची पॅनेल साडेतीन मीटरवर टाकली आहेत आणि त्यांच्यावर स्वतः चाललो आहे.

तुळई

दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींत अर्धे तुमचे बरोबर आहे.

७,५०० हा आकडा फक्त वाकण्याचा आहे, आणि मऊ गाभ्याचे पॅनेल दोन प्रकारे लवते. वह्यांचा गठ्ठा दोन टोकांना टेकवून मधे दाबला तर कोणतीही वही फारशी न ताणता, न आखडताही गठ्ठा लवतो, कारण वह्या एकमेकींवरून सरकतात. फोममध्ये तसेच आतल्या आत सरकणे होते, त्यालाच शिअर म्हणायचे. तीन मीटरच्या साध्या गाळ्यावर, म्हणजे फक्त दोन टोकांना टेकलेल्या पॅनेलवर, दर चौरस मीटरला १०० किलो भार धरा. ५० मिमीचे तुमचे पॅनेल वाकण्यामुळे साधारण ८.४ मिमी लवेल आणि शिअरमुळे ७.५ मिमी, एकूण जवळजवळ १६. आता पत्रा ०.८ चा केला तर वाकण्याचा भाग ५.३ वर येतो, पण शिअरचा ७.५ तसाच राहतो, कारण फोम तोच आहे, एकूण १२.८. त्याऐवजी पत्रा ०.५ चाच ठेवून जाडी ८० मिमी केली तर ३.३ आणि ४.७, म्हणजे एकूण ८ च होतात. भारासाठी पैसे घालायचेच असतील तर ते जाडीत घालावेत, पत्र्यात नव्हे. शिवाय फोम सततच्या भाराखाली वर्षानुवर्षे हळूहळू सरकत राहतो. तुम्ही चालून गेलात तेव्हा तो भार मिनिटभराचा होता. पाण्याची टाकी ठेवली असती तर ते लवणे मागून वाढलेले दिसले असते.

पण ताईंच्या छतावर भार असा काही नव्हताच, तिथे तापमान आहे, आणि इथे अंदाज फसतो. मी तोच हिशेब ०.८ च्या पत्र्याने केला तर दाब ५६ वरून ५० वर आला. मग पत्रा ०.५ चा ठेवून ८० मिमी जाडीने केला, तरी ५० च आला. पॅनेल जितके ताठ कराल तितके ते उन्हात जोराने वर उठते आणि स्क्रूंना तितक्याच जोराने त्याला खाली धरावे लागते. बाहेरच्या भारात ताठरपणा मदतीला येतो. इथे पॅनेल स्वतःशीच भांडते आहे, त्यामुळे ताठरपणा दोन्ही बाजूंनी लढतो. उपाय दोनच उरतात: तापमानातला फरक कमी करणे, किंवा मधला अडसर काढणे.

म्हणून मी संत्रानगरींचा पांढरा रंग जपून ठेवला होता. युरोपात अशा पॅनेलसाठी जे मानक आहे, ईएन १४५०९, त्यात उन्हाळ्यात वरच्या पत्र्याचे तापमान फार फिक्या रंगाला ५५, फिक्याला ६५ आणि गडदला ८० अंश धरायला सांगतात. हवा त्यांची, रंगाचा धडा आपल्यालाही तोच.

संत्रानगरी

म्हणजे मी चुकून बरोबर निघालो!

मिहान_हँगर

मी विमानांच्या दुरुस्तीचे काम करतो आणि आमचा रोजचा संबंध मधमाशांच्या पोळ्यासारख्या गाभ्याच्या पॅनेलशी येतो, अॅल्युमिनियमच्या आणि रेझिनमध्ये भिजवलेल्या कागदासारख्या नोमेक्सच्या. तुळई सरांनी सांगितलेली सुरकुती आमच्याकडे क्वचितच दिसते, कारण पोळ्याच्या भिंती पत्र्याला काटकोनात उभ्या असतात आणि दाबाच्या दिशेने त्यांचा कडकपणा पफच्या कितीतरी पट असतो. तेव्हा मजबुतीच हवी असेल तर ताईंनी तसा गाभा घ्यावा, असे मी म्हणणार होतो.

तुळई

म्हणणार होतात आणि थांबलात हे बरे केले. अॅल्युमिनियमचे पोळे उष्णता सरळ खाली आणील, अभ्यासिकेचा निम्मा हेतू तिथेच संपेल, आणि किंमत वेगळीच. पण त्यात काय बिघडते ते अवश्य सांगा.

मिहान_हँगर

बिघडते ते वेगळ्या रीतीने. पत्रा पातळ आणि घर मोठे असेल तर प्रत्येक षटकोनाच्या तोंडावर पत्रा आत दबतो आणि पृष्ठभागावर जाळीसारखी नक्षी उमटते. पत्र्याची जाडी आणि घराची रुंदी यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर ते अवलंबून असल्याने, घर निम्मे केले की ही भीती चौपट मागे जाते. दुसरे म्हणजे पोळ्याला दिशा असते. पट्ट्या ज्या दिशेने धावतात त्या दिशेला शिअरचा कडकपणा आडव्या दिशेच्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि नवशिक्याने तुकडा चौकोनी म्हणून फिरवून बसवला तर पॅनेल दिसायला तेच, पण वागायला वेगळे निघते.

सर्वांत चिवट शत्रू मात्र पाणी आहे. एखाद्या स्क्रूच्या भोकातून ओल घरांमध्ये शिरते, विमान उंचीवर गेले की गोठते, गोठताना फुगते आणि पत्र्याची पकड घराघराने सोडवत जाते. बाहेरून महिनोन् महिने काही दिसत नाही. आम्ही छोट्या हातोडीने ठोकत जातो आणि आवाज जिथे बदलतो तिथे पेन्सिलने खूण करतो. खुणा जोडल्या की सुटलेल्या भागाचा नकाशाच मिळतो. ताईंनीही घडीभोवती असा नकाशा काढावा आणि आठवड्याने पुन्हा ठोकून पाहावे. पोकळ भाग तेवढाच राहिला तर ठीक, पसरला तर पकड अजून सुटते आहे.

आणखी एक सुचवतो. ती पॅनेल बदलायचीच असतील तर घडीजवळ हातभर लांबीचा वरचा पत्रा कापून उचला आणि त्याची खालची बाजू पाहा. फोम फाटून पत्र्याला चिकटून राहिला असेल तर पकड चांगली होती आणि फोम हरला. पत्रा धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर मुळात पकडच नव्हती.

सावजी_ऑन_व्हील्स

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्या खाद्यगाडीची जमीन अशाच पॅनेलची केली आहे, ४० मिमीची. फ्रिजच्या चार पायांखाली पत्रा बशीसारखा खाली गेला आहे आणि आता फ्रिज एका अंगाला कलतो. गाडी बांधणारा म्हणतो की पॅनेल ३०० किलो उचलते आणि फ्रिज तर ९० किलोचाच आहे. मग हे कसे झाले?

मिहान_हँगर

३०० किलो पसरून ठेवले तर उचलत असेल. तुमचे ९० किलो चार नाण्यांएवढ्या जागेवर उभे आहेत आणि गाडी खड्ड्यात आदळली की क्षणभर त्याच्या दुपटीने दाबतात. पॅनेल वाकले नाही, पायाखालचा फोम चेंगरला. विमानात प्रवाशांच्या टोकदार टाचांनी जमिनीच्या पॅनेलला हेच होते. प्रत्येक पायाखाली वीतभर लांबी-रुंदीची ६ मिमीची प्लेट द्या, किंवा जोडपायांखाली सलग चॅनेल द्या. मात्र आता खाली गेलेला फोम परत उठणार नाही, तेव्हा प्लेट खड्डा झाकून बाजूच्या धडधाकट फोमवर टेकेल एवढी मोठी हवी.

वाचनगच्ची

रविवारी बुटीबोरी_शेड दादांच्या ओळखीचा एक कारागीर आला आणि पाचव्या पॅनेलचा घडीजवळचा तुकडा त्याने ग्राइंडरने न कापता कातरीने कापला. ग्राइंडरच्या उष्णतेने फोम जळून खूण पुसली जाईल, असे तो म्हणाला.

तुकडा उलटा केला तर उत्तर सरळ मिळाले नाही. टोकाकडच्या बाजूला फोम पत्र्याला घट्ट होता आणि त्याचा पिवळा थर फाटून आला. घडीच्या बरोबर खाली मात्र फोममध्ये हरभऱ्याएवढी, काही ठिकाणी वाटाण्याएवढी पोकळ भोके रांगेने होती, आणि त्या भोकांवर पत्रा चकचकीत कोरा होता. तिथे फोम त्याला कधी लागलाच नव्हता. फोटो काढून ठेवले आहेत. खालच्या पत्र्याकडचा फोम घट्ट आणि एकसारखा दिसतो.

बुटीबोरी_शेड

बघा, मी पहिल्याच दिवशी म्हटले होते. माल खराब. ऊन सहाही पॅनेलवर तेच होते, एसी सहांखाली तोच होता, मग घडी दोनच पॅनेलना का पडली?

तुळई

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याने माझ्या हिशेबातली एक फट दाखवली हे मी मान्य करतो. साच्यात फोम फुगत वर जातो तेव्हा हवा वरच्या पत्र्याखाली अडकते, म्हणून अशी भोके बहुधा साच्यातल्या वरच्या पत्र्याखाली सापडतात, आणि तो पत्रा छतावरही वरच आला असेल तर नेमकी कमजोर बाजू उन्हाला मिळते. भोकांवर पत्रा अधांतरी असतो. ०.९१ आणि ०.५ यांच्यातले अंतर ज्या दोषांसाठी राखून ठेवलेले असते, त्यांतलाच हा एक. तरीही मी उलट विचारतो की त्या दोन पॅनेलमध्ये भोके असूनही डिसेंबर ते एप्रिल काही झाले नाही, ते का? ५६ चा दाब आला नसता तर भोके निमूट पडून राहिली असती, आणि भोके नसती तर ५६ वर उरलेल्या चारांसारखी हीही कदाचित तगली असती. दोष किती मालाचा आणि किती मांडणीचा, हे या एका तुकड्यावरून मी तरी वाटून देऊ शकत नाही. उरलेली चार ५५ च्या सीमेवर उभी आहेत एवढे नक्की.

आता ताईंचा मूळ प्रश्न, मुलांना बसवावे का. सुरकुती पडली की मधल्या आधारावर पॅनेलची पकड ढिली होते आणि तिथे बिजागरी बसवल्यासारखे होते. सहा मीटरचे एक पॅनेल तीन-तीन मीटरच्या दोन साध्या पॅनेलसारखे वागू लागते. उन्हाचा दाबही तिथून निघून जातो, म्हणून दुसऱ्यांदा तसा आवाज झाला नाही. दोन साधी तीन मीटरची पॅनेल स्वतःचे वजन आणि दुरुस्तीला चढलेला एक माणूस सहज पेलतात, तेव्हा छत अंगावर येईल ही भीती नको.

भीती वाऱ्याची आहे. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. इमारतीचा आकार, उंची आणि आडोसा यांचे गुणक बाजूला ठेवले तर त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो, आणि वादळात तो छताला वर उचलतो. मधल्या ओळीतल्या स्क्रूंवर मग दर मीटरला ३५० किलोची ओढ येते. पत्र्याला केसासारख्या चिरा गेलेल्या ठिकाणापासून ६ सेंटीमीटरवर ते स्क्रू आहेत. स्क्रूंचे डोके पत्र्यातून आरपार निघू नये म्हणून त्यांच्याखाली निदान रुंद वॉशर किंवा सलग पट्टी या आठवड्यात बसवून घ्या आणि पट्टीच्या कडेने सिलिकॉन भरा. चिरांवाटे पाणी फोमात गेले तर मिहान_हँगर यांनी सांगितलेली कहाणी सुरू होईल, बर्फ सोडून.

बुटीबोरी_शेड

पट्टी मी बसवून देतो, त्याचे काही नाही. पण उरलेल्या चार पॅनेलचे काय करावे? सरांच्या बोलण्यातून मला असे दिसते की मधल्या पाइपावर वरचा पत्रा मुद्दाम कापून टाकला, तर ऊन त्याला दाबणारच नाही.

तुळई

बरोबर. पत्रा अडसरामुळे दबतो, तिथे त्याला कापून मोकळे केले की दोन साधे गाळे होतात. पण मग ते गाळे आपापले तीन मीटरवर बाक घेतील, साधारण ११ मिमीचा, आणि कापाच्या दोन्ही कडा रोज उघडझाप करतील. कापण्याआधी प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र स्क्रूची ओळ द्यावी लागेल, एकाच ओळीवर दोघांना टांगता येणार नाही, आणि तुमच्या पाइपाची रुंदी दोन ओळींना पुरेल का हे मला इथून दिसत नाही.

वाचनगच्ची

आतापर्यंत झाले ते सांगते. पट्टी आणि वॉशर बसले. चिरांवर सिलिकॉन भरले. सहाही पॅनेलना पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि एसी २७ वर ठेवला. काल २.४५ ला पत्रा वर ५२ आणि आत ३१ आला, म्हणजे फरक ४० चा २१ झाला. नाण्याने ठोकून पेन्सिलने काढलेली रेघ दहा दिवसांत पुढे सरकलेली नाही. दुपारी मात्र अजून टिक् टिक् असा बारीक आवाज येतो.

तुळई

२१ च्या फरकाला दाब २९-३० च्या आसपास येतो, म्हणजे चार चांगल्या पॅनेलना बरीच जागा मिळाली. टिक् टिक् बहुधा पत्रा स्क्रूखाली सरकतो त्याची आहे. ती ढगाळ दुपारीही येते का तेवढे पाहा. ढगाळ दिवशी आली तर माझा अंदाज चुकला असे समजा. रंग धुळीने मळला की तापमान पुन्हा चढेल, म्हणून पुढच्या मार्चमध्ये पत्रा धुऊन पुन्हा मोजा.

बुटीबोरी_शेड

पाइप ५० मिमीचा आहे, मी मोजला. कडेपासून अंतर सोडून दोन ओळी बसत नाहीत. बाजूला दुसरा पाइप वेल्ड करावा लागेल, आणि कापाच्या वरची पट्टी एकाच बाजूला बांधून दुसरी बाजू मोकळी ठेवली तरच ती उघडझाप सोसेल. पण मोकळ्या बाजूने आडवा पाऊस आत येऊ नये म्हणून तिथे काय भरतात, हे कोणी प्रत्यक्ष केलेले असेल तर सांगावे. मी पन्हाळ्यांना केले आहे, पॅनेलला कधी केले नाही.